वोव्हन, होजिअरी आणि वार्प-निट: कुठलं कापड किती ताणतं, परत येतं का, आणि कडेने का सुटतं (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

मालवणात शिलाईचं दुकान आहे, त्यामुळे गणपतीआधी मंडळांचे टी-शर्ट, शिमग्याला वाडीचे टी-शर्ट, मे महिन्यात कबड्डी आणि क्रिकेटच्या जर्सी असं वर्षभर चालू असतं. तेच तेच प्रश्न येतात, शिकायला येणाऱ्या मुलींचे पण आणि गिऱ्हाइकांचे पण, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते.

वोव्हन, होजिअरी आणि वार्प-निट यात नेमका फरक काय? शेवटी सगळं धाग्याचंच ना?

धाग्याचंच, पण धागा कुठून कुठे जातो त्यावर सगळा खेळ आहे.

वोव्हन म्हणजे मागावरचं कापड. उभे धागे ताणून धरलेले असतात तो ताणा, आणि त्यातून वर-खाली जात आडवा धागा भरतात तो बाणा. पंचा, साडी, शर्टाचं पॉपलीन, जीन्स, सगळं हेच. भिवंडी-इचलकरंजीचे लूम हेच विणतात. यात धागा जवळजवळ सरळ पडलेला असतो आणि एकमेकात कुठेही अडकवलेला नसतो, फक्त दाबाने आणि घर्षणाने धरलेला असतो.

होजिअरी म्हणजे वेफ्ट-निट. आजी सुयांवर स्वेटर विणते तीच पद्धत, मशिनवर. एकच धागा आडवा जात जात लूप करतो, आणि प्रत्येक ओळीचे लूप आधीच्या ओळीच्या लूपमधून काढलेले असतात. टी-शर्ट, बनियन, लेगिंग हे यातलं, आणि आपल्याकडे येणारा बराचसा माल तिरुप्पूरचा.

वार्प-निट पण लूपचंच कापड आहे, पण इथे धागे उभे येतात. बीमवरून शेकडो धागे एकाच वेळी सुटतात, प्रत्येक सुईला स्वतःचा धागा असतो, आणि तो धागा एका ओळीत या सुईवर लूप करतो, पुढच्या ओळीत बाजूच्या सुईवर सरकतो, परत येतो, असा नागमोडी वर चढत जातो. ट्रायकॉट आणि राशेल ही त्याच्या दोन मोठ्या मशिनांची नावं. ट्रॅकपँटला मिळणारं ते चमकदार सुपर पॉली बहुतेक वेळा ट्रायकॉट असतं, मच्छरदाणी वार्प-निट, ब्राच्या पाठीला लागणारी घट्ट जाळी (पॉवरनेट) वार्प-निट, लेस सुद्धा बरीचशी राशेलची.

दुकानात उभं राहून ओळखायचं कसं? लेबल तर नसतंच.

मोबाईलचा कॅमेरा झूम करा आणि दोन्ही बाजू बघा. आडवे-उभे धागे चौकटीसारखे दिसले तर वोव्हन, प्रश्न मिटला. एका बाजूला बारीक इंग्रजी व्ही सारख्या उभ्या रांगा आणि उलट बाजूला अर्धगोल कमानी दिसल्या तर होजिअरी, साधी सिंगल जर्सी. दोन्ही बाजूंना व्ही दिसले तर रिब किंवा इंटरलॉक, ती पण होजिअरीच. सुलट बाजूला व्ही आणि उलट बाजूला तिरक्या किंवा आडव्या नागमोडी रेघा दिसल्या तर वार्प-निट.

झूम करून पण कळलं नाही तर आडव्या कापलेल्या कडेचा एक धागा सुईच्या टोकाने उचला आणि ओढा. वोव्हनमध्ये तो अख्खा सरळ बाहेर येतो. होजिअरीत तो कुरळा कुरळा होत ओळीने उसवत जातो (एका टोकाने नाही आला तर दुसऱ्या टोकाने बघा, ते का ते खाली सांगते). वार्प-निटमध्ये थोडा येतो आणि अडकतो, किंवा नुसता धाग्याचा तुकडा हातात येतो.

वोव्हन ताणतच नाही का मग? माझी जीन्स तर ताणते.

सरळ उभं किंवा आडवं ओढलं तर फार थोडं. धागा एकमेकाच्या वर-खाली जाताना जी बारीक लाट पडते ती सरळ होते तेवढंच, म्हणजे काही टक्के. त्यानंतर धागाच ताणावा लागतो आणि कॉटनचा धागा काही ताणत नाही.

पण तेच कापड उरेब धरून ओढा, म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, 45 अंशात. एकदम लांब होतं. इथे धागे ताणत नाहीत, नुसते एकमेकावर फिरतात, चौकोनाचा शंकरपाळा होतो आणि कापड ओढाच्या दिशेने लांब आणि आडवं अरुंद होतं. म्हणूनच ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात, ती गोलाईवर बसते. पण उरेबाचं परत येणं फार भरवशाचं नाही, उरेब कापलेला घेरदार झगा एक रात्र हँगरला लटकवून ठेवला तर दुसऱ्या दिवशी घेर खाली-वर झालेला असतो. म्हणून शहाणे शिंपी आधी लटकवतात आणि मग खालची पट्टी घालतात.

जीन्सचं वेगळं आहे. तिच्या बाण्यात म्हणजे आडव्या धाग्यात आत लायक्राचा गाभा असतो, साधारण 1 ते 3 टक्के. त्यामुळे ती फक्त आडवी ताणते, उभी नाही. कटिंग करताना हे विसरून कापड फिरवून ठेवलं तर पँट बसायला होणार नाही, इतकं साधं आहे.

टी-शर्ट आडवा इतका ताणतो, उभा कमी. असं का?

कारण लूप. लूपला दोन उभे पाय आणि वर डोकं असतं. आडवं ओढलं की पायातला धागा सरकून डोक्याकडे येतो, लूप बुटका आणि रुंद होतो, आणि धागा सरकायला भरपूर जागा असते. उभं ओढलं तर डोक्याचा धागा पायात येतो, पण डोक्यात धागाच थोडा, दोन्ही पाय एकमेकाला चिकटले की खेळ संपला. धागा स्वतः ताणत नाही, फक्त आकार बदलतो, हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावरच आहे.

रिबमध्ये आणखी एक गंमत. तिथे एक उभी रांग सुलट, एक उलट असते, आणि मोकळं सोडलं की उलट रांगा मागे दडून बसतात. ओढल्यावर आधी त्या दडलेल्या रांगा बाहेर येतात, मग लूप रुंद होतात. म्हणून बाही-गळ्याची रिब आडवी जवळपास दुप्पट सुद्धा होते. इंटरलॉक कापड म्हणजे दोन रिब एकमेकात गुंतवलेल्या, एकीच्या रिकाम्या जागी दुसरीच्या रांगा बसलेल्या, त्यामुळे दडायला जागा नाही आणि ताण कमी, पण कापड गुळगुळीत आणि आकाराला पक्कं.

वार्प-निटमध्ये धागा दर ओळीला बाजूच्या रांगेला बांधून येतो, त्यामुळे लूपला इकडचा धागा तिकडे न्यायची मोकळीक कमी. ताण किती हे मशिनवर धागा किती रांगा ओलांडतो आणि दोन सेट कसे उलटसुलट चालतात त्यावर ठरतं. म्हणजे वार्प-निट पाहिजे तसं ताणणारं किंवा जवळजवळ न ताणणारं, दोन्ही बनवता येतं. स्विमसूटचं नायलॉन-लायक्रा ट्रायकॉट उभं-आडवं दोन्ही मस्त ताणतं, आणि ट्रॅकपँटचं साधं ट्रायकॉट बेताचंच.

"ह्या कापड धुतल्यार सैल पडतला काय ओ?" ताणतंय म्हणजे परत येणारच ना?

नाही! सगळ्यात जास्त घोळ इथेच. ताण म्हणजे किती लांब होतं, आणि रिकव्हरी म्हणजे सोडल्यावर किती परत येतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानदार कापड हाताने ओढून दाखवतो तेव्हा पहिलीच दाखवतो.

घरी तपासायचं असं. काठापासून थोडं आत, कापडावर पेनने 10 सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा करा. पट्टीवर धरून 14 पर्यंत ओढा, अर्धा मिनिट तसंच धरा, सोडा, टेबलावर सपाट ठेवा, एक मिनिट थांबा आणि परत मोजा. समजा साधं कॉटन सिंगल जर्सी 10.6 ला थांबलं. म्हणजे 4 सेंटीमीटर ताणलेल्यातलं 3.4 परत आलं, 85 टक्के रिकव्हरी. समजा कॉटन-लायक्रा 10.2 ला आलं, म्हणजे 3.8 परत, 95 टक्के.

ऐकायला दोन्ही आकडे बरे वाटतात, पण उरलेलं बघा. पहिल्यात 6 टक्के लांबी उरली. गुडघ्यावरच्या 20 सेंटीमीटर भागात ती 1.2 सेंटीमीटर होते, आणि पँट घालून बसल्या-उठल्यावर गुडघ्याला जो पोंगा दिसतो तो हाच. दोन कापडांची तुलना करताना दोन्ही एकाच लांबीपर्यंत ओढा, नाहीतर जे जास्त ताणलं ते उगाच वाईट ठरतं. आणि आडवं-उभं दोन्ही तपासा.

लायक्रा नसलेलं कॉटन परत का येत नाही? आणि धुतल्यावर मग नीट का होतं?

लूपचा आकार बदलला की त्याला परत ढकलायला काहीतरी लागतं. वाकवलेला धागा थोडा स्प्रिंगसारखा वागतो, पण धाग्याला धागा घासतो तिथे तो अडकून पडतो, आणि कॉटनच्या धाग्यात तेवढा जोर नाही. पॉलिएस्टर-नायलॉनमध्ये जोर जास्त, म्हणून त्यांची होजिअरी कॉटनपेक्षा बरी परत येते. लायक्रा घातला की तोच सतत आत खेचत राहतो, लूप मुळातच घट्ट बसतात, म्हणून लायक्रावालं कापड हाताला जाड आणि भरीव लागतं.

धुताना पाण्यात घर्षण सुटतं, हालचाल मिळते, आणि लूप आपल्या आरामाच्या आकारात जाऊन बसतात. म्हणून पोंगा आलेली कॉटन ट्रॅकपँट धुतली की बरीचशी सरळ होते. पण आपल्याकडे पावसाळ्यात उलटं पण होतं, जुलैत कपडे दोन-दोन दिवस दोरीवर ओले लटकतात, पाण्याचं वजन खाली ओढतं आणि टी-शर्ट तसाच लांब होऊन वाळतो. जड होजिअरी दोरीवर मधून घडी घालून टाका, खांद्याला चिमटे लावून नको.

लायक्राचे शत्रू म्हणजे जास्त गरम इस्त्री आणि क्लोरीनवालं ब्लीच. लायक्रा तुटायला लागला की कापड ताणतं पण परत येत नाही, आणि कधी कधी बारीक पांढरे केस वर डोकावतात. त्यावर इलाज नाही.

कापलं की कुठलं सुटतं, कुठलं नाही?

तिघांचं सुटणं तीन प्रकारचं आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

वोव्हनला दशा निघतात. कडेला समांतर जो धागा आहे त्याला बाहेरून धरणारं कोणीच नसतं, तो घरंगळून पडतो, मग त्याच्या आतला. विण घट्ट असेल तर हळू, सैल असेल तर पटापट. गुळगुळीत धाग्याची साटीन सगळ्यात त्रासदायक, कारण तिथे धागा बरेच धागे ओलांडून मग एकदा खाली जातो आणि पकड कमी. कॉटन पॉपलीन शांत असतं. उरेब कापलेली कड कमी सुटते, कारण तिथे एकही धागा कडेला समांतर नसतो. काठ मात्र सुटत नाही, तिथे बाणा वळून परत आत जातो.

होजिअरीला दशा निघत नाहीत. तिचा पहिला त्रास म्हणजे वळणं. सिंगल जर्सी कापली की वरची-खालची कड सुलट बाजूला वळते आणि दोन बाजूच्या कडा उलट बाजूला. पुढचा-मागचा लूप वेगळा असल्याने आतला ताण असमान असतो म्हणून. रिब आणि इंटरलॉक दोन्ही बाजूंनी सारखे, म्हणून सपाट पडतात, आणि शिकणाऱ्या मुलींना मी आधी इंटरलॉकच देते.

दुसरा त्रास उसवणं. सिंगल जर्सी खालून पण आणि वरून पण ओळीने उसवते. रिब आणि इंटरलॉक फक्त जी ओळ शेवटी विणली त्या टोकाने उसवतात, दुसऱ्या टोकाने अडतात. उभ्या कडेने यातलं काहीच उसवत नाही, फक्त बारीक तुकडे गळतात.

तिसरा आणि खरा वाईट त्रास म्हणजे शिडी. मधेच एक लूप तुटला की त्याच्यावर लटकलेला लूप मोकळा होतो, मग त्याचा पुढचा, आणि उभी रेघ धावत जाते. वळणं आणि उसवणं कडेला राहतं, शिडी मधोमध पडते.

वार्प-निटमध्ये यातलं बहुतेक होत नाही, कारण एक लूप तुटला तरी शेजारच्या रांगेचा धागा तिथून आडवा गेलेला असतो आणि तो धरून ठेवतो. राशेलवर बनणारं बिनगाठीचं मासेमारीचं जाळं याच कारणाने चालतं, एक धागा तुटला म्हणून पूर्ण जाळं उसवत नाही. मच्छरदाणी कापून खिडकीला लावता तेव्हा कडा न शिवता पण वर्षभर टिकते ती पण यामुळेच.

शिवलेल्या जागी बारीक भोकांची रांग पडली. कापड खराब आहे का?

बहुतेक वेळा सुई खराब असते. वोव्हनला टोकदार सुई चालते, ती धाग्यांच्या मधून जाते. होजिअरीत टोकदार सुई लूपच्या धाग्यातून आरपार जाते आणि तो तोडते, आणि तिथून शिडी चालू. बॉलपॉइंट सुई धाग्याला बाजूला सारते. शिवून झालं की शिलाई आडवी ओढून उजेडात धरा, भोकं असतील तर आत्ताच दिसतील, गिऱ्हाइकाकडे दोन धुण्यांनंतर दिसण्यापेक्षा बरं.

आणि सरळ टाक्याची साधी शिलाई ताणणाऱ्या कापडावर नको. कापड ताणतं, दोरा ताणत नाही, कट् करून तुटतो. चार धाग्यांचं ओव्हरलॉक किंवा झिगझॅग मारा.

वार्प-निट एवढं चांगलं, तर सगळं त्यातच का नाही शिवत?

एक तर ते मुख्यतः पॉलिएस्टर-नायलॉनच्या गुळगुळीत धाग्यात बनतं, कारण तो धागा मशिनवर न तुटता चालतो. मे महिन्यात आपल्या दमट हवेत बंद विणीचं पॉलिएस्टर अंगाला चिकटतं, कोणी काही म्हणो. दुसरं, बीम भरायला वेळ आणि खर्च फार, म्हणून थोड्या मालासाठी नवीन डिझाइन कोणी करत नाही. आणि "सुटतच नाही" हे पण पूर्ण खरं नाही. एकाच सेटच्या धाग्यांनी विणलेलं हलकं कापड उभं फाटू शकतं, आणि ज्या जाळ्यांत नुसत्या उभ्या साखळ्या असतात त्यात साखळीचं टोक सापडलं तर ती उसवते.

आमच्या वाडीच्या कबड्डी टीमच्या जर्सी करायच्या आहेत. कुठलं कापड घेऊ?

कबड्डीत समोरचा जर्सी पकडून ओढतो, त्यामुळे इथे तिन्हींचा फरक एका दिवसात कळतो.

वोव्हन मायक्रो पॉलिएस्टर स्वस्त पडतं आणि प्रिंट छान येतं, पण ओढलं की कापड देत नाही, सगळा जोर शिलाईवर जातो. मग एकतर दोरा तुटतो किंवा शिलाईच्या बाजूला धागे सरकून फट पडते, खास करून काखेत. घ्यायचंच तर छातीला 10-12 सेंटीमीटर ढिलाई ठेवा, पण ढिली जर्सी म्हणजे समोरच्याला पकडायला मूठभर कापड, म्हणून मी नको म्हणते.

माझी निवड अशी: अंगाला पॉलिएस्टर इंटरलॉक, काखेपासून खाली बाजूच्या पट्ट्यांना वार्प-निट जाळी, आणि गळ्याला लायक्रावाली रिब. इंटरलॉक ओढल्यावर देतं आणि परत येतं, कडा वळत नाहीत, नंबर छापताना सपाट राहतं. काखेत घाम आणि ओढ दोन्ही जास्त, तिथे हवा जाणारी आणि शिडी न पडणारी जाळी बरी.

गळ्याचा हिशोब करून दाखवते. शिलाईच्या रेघेवर गळा 54 सेंटीमीटर धरा, मोठ्या माणसाचं डोकं साधारण 58. रिब गळ्याच्या 85 टक्के घ्यायची, म्हणजे 46, अधिक जोडायला दोन्हीकडून एकेक, एकूण 48 ची पट्टी. डोकं आत जाताना 46 ची 58 व्हायला हवी, म्हणजे 26 टक्के ताण. रिबला हे काहीच नाही, आणि लायक्रा असल्याने ती परत येऊन मानेला बसते. आता तीच पट्टी अंगाच्या इंटरलॉकची लावली आणि ते 20 टक्केच ताणत असेल तर डोकं अडकणार, मग पोरं ओढून घालतात आणि टाके तुटतात. तोडगा म्हणून पट्टी लांब केली तर डोकं जातं पण गळा उभा राहतो, लोंबतो. रिब कापताना रांगा पट्टीच्या रुंदीत उभ्या आल्या पाहिजेत, म्हणजे ताण गळ्याच्या गोलाईने फिरेल. उलटी कापली तर ती रिब असून नसल्यासारखी.

घेण्याआधी प्रत्येक कापडाचा वीतभर तुकडा मागून घ्या, वरची 10 सेंटीमीटरची टेस्ट करा, एकदा धुवा, परत करा. दुकानदार तुकडा द्यायला नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

जाळीच्या पट्ट्यांच्या कडेला ओव्हरलॉक मारायचं की नाही? सुटत नाही म्हणालात ना.

सुटणार नाही, पण जाळीची कापलेली टोकं काखेत टोचतात. मारा.